नऊ हजारांची वाढ, पण कोणत्या वर्षापासून?

युनियनचं मागणीपत्र हातात पडलं की नवा मॅनेजर आधी महिन्याच्या वाढीचा आकडा शोधतो आणि तो खाली कसा आणायचा याच्याच मागे लागतो. खरा खर्च मात्र वाढ कधी आणि पगाराच्या कोणत्या भागात मिळते यावर ठरतो.

चाकण-भोसरी पट्ट्यात असे करार बहुधा तीन वर्षांचे असतात. समजा, दोनशे कामगारांच्या कारखान्यात नऊ हजारांवर बोलणी जुळली. दरवर्षी तीन-तीन हजार दिले, तर तीन वर्षांत एका कामगारामागे 2 लाख 16 हजार लागतात. हीच वाढ 50-25-25 टक्क्यांनी, म्हणजे पहिल्या वर्षी साडेचार हजार आणि पुढे दोनदा सव्वादोन हजार अशी दिली, तर 2 लाख 43 हजार होतात. दोनशे जणांचा फरक 54 लाखांचा! तिसऱ्या वर्षी पगार दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे पुढचा करारही तिथूनच सुरू होतो. म्हणून आकड्यावर गाडी अडली की टप्प्यांवर बोलावं. कामगाराला पैसे लवकर हवे असतात, कंपनीला थोडी सवड हवी असते, आणि तडजोडीला जागा तिथेच सापडते.

दुसरा प्रश्न बेसिकचा. युनियन वाढ बेसिकमध्ये मागते, आणि तिचं बरोबरच आहे. बेसिक वाढलं की ग्रॅच्युइटी वाढते, कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरत असेल तर तिचा 12 टक्के वाटाही वाढतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात, दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. त्यामुळे पंधरा वर्षं झालेल्या कामगाराचं बेसिक हजार रुपयांनी वाढलं, की सरून गेलेल्या वर्षांचंच देणं सुमारे 8,650 रुपयांनी वाढतं. हा बोजा महिन्याच्या पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून तो हमखास सुटतो. यावर सगळी वाढ भत्त्यांत ढकलण्याची युक्ती आता फारशी चालत नाही. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

कॅन्टीन, बस, सुरक्षेचे बूट, मशीनवर किती माणसं, या मागण्या पगाराच्या शेवटी लोंबकळत ठेवू नयेत. त्यांची बैठक वेगळी घ्यावी आणि शॉपवर जाऊन पाहून बोलावं. उत्पादन वाढवून हवं असेल, तर कंपनीनेही आपली मागणी पहिल्याच बैठकीत लेखी द्यावी. पगार ठरल्यावर ती पुढे केली, तर कमिटीला ती फसवणूक वाटते आणि तसं वाटणं रास्तच आहे.

बैठकीला जाण्याआधी हा सगळा हिशोब वर्षवार मांडून ठेवा आणि तोच कागद युनियनच्या कमिटीलाही दाखवा.