सिगारेट सोडली की वजन वाढते: अर्धे सत्य आणि चुकीचा निष्कर्ष

सिगारेट सोडली तर अंग सुटते, म्हणून ती ओढत राहणेच बरे, हा युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की त्यातील पहिला भाग खरा आहे हे मान्य केल्याशिवाय दुसऱ्या भागाचे खंडन करता येत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, कोणतेही औषध न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी 4.7 किलो वाढते. मात्र त्यांपैकी सुमारे 16 टक्के लोकांचे वजन उलट घटते आणि 10 किलोंहून अधिक वाढ सुमारे 13 टक्के लोकांतच दिसते.

या वाढीचे कारण निकोटिनच्या दुहेरी परिणामात आहे. निकोटिन मेंदूतील भूक नियंत्रित करणाऱ्या केंद्राला तृप्तीचा खोटा संकेत देते आणि त्याच वेळी हृदयाची गती व चयापचय, म्हणजे शरीराचा ऊर्जाखर्च, वाढवते. 1986 साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात, दिवसाला 24 सिगारेटी ओढणाऱ्यांचा ऊर्जाखर्च धूम्रपान करताना सुमारे 200 किलोकॅलरींनी अधिक आढळला. सिगारेट सुटताच हा जादा खर्च थांबतो, दबलेली भूक परत येते आणि चव व वास पूर्ववत झाल्याने अन्न अधिक रुचकर लागते. वाढलेले वजन हा नवा आजार नसतो; निकोटिनने कृत्रिमरीत्या खाली दाबून ठेवलेले वजन आपल्या मूळ जागी परत येत असते.

यावरून ‘ओढत राहणे बरे’ असा निष्कर्ष काढणे मात्र हिशेबाची उघड चूक आहे. अमेरिकेतील दीर्घकालीन पाहणीवर आधारित 2018 सालच्या अभ्यासानुसार, सोडल्यानंतर ज्यांचे वजन 10 किलोंहून अधिक वाढले त्यांचाही मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या सुमारे निम्माच होता. वजन वाढलेल्यांत मधुमेहाचा धोका काही वर्षे वाढतो आणि पुढे उतरतो, हेही त्याच अभ्यासाने दाखवले आहे. पण ते वजनाकडे लक्ष देण्याचे कारण ठरते, सिगारेट पुन्हा पेटवण्याचे नव्हे. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांचे एकूण वजन कमी असले तरी पोटाभोवतीची चरबी तुलनेने अधिक असते, ही गोष्ट ‘सिगारेटने सडपातळ राहता येते’ असे सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

ही वाढ वर्षभर सारखी होत नाही आणि व्यवस्थापनाची किल्ली नेमकी तेथेच आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील त्या विश्लेषणात पहिल्या तीन महिन्यांतच सरासरी 2.9 किलो वाढ झाली. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी असे ढोबळ गणित धरले, तर या काळातील दैनिक जादा ऊर्जा सुमारे 250 किलोकॅलरी भरते आणि पुढील नऊ महिन्यांत ती जेमतेम 50 उरते. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या, ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाने पहिले तीन महिने साखरेच्या दोन चहांपैकी एक बिनसाखरेचा केला, सोबतची बिस्किटे सोडून मूठभर फुटाणे घेतले आणि रोज अर्धा तास वेगाने चालण्याची जोड दिली, तर ही जादा ऊर्जा बरीचशी वजा होते. कडक उपवास मात्र याच काळात टाळावा, कारण भूक आणि निकोटिनची तलफ एकत्र आल्यास सिगारेट परत पेटण्याची शक्यता वाढते. तलफ अचानक येते, बहुधा गोड किंवा कुरकुरीत पदार्थच मागते आणि काही मिनिटांत ओसरते. खरी भूक हळूहळू वाढते आणि साध्या भाकरीनेही भागते. निकोटिनचा च्युइंगगम वजनवाढ रोखत नाही, तर बहुतांशी पुढे ढकलतो, परंतु सोडण्याच्या कठीण काळात तेवढा अवकाशही मोलाचा ठरतो.

धूम्रपानाविषयीच्या उरलेल्या गैरसमजांना थोडक्यात उत्तर पुरेसे आहे. ‘दम कायमचा गेला’ असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो, पण त्याचे प्रमाण दर चार ते सहा तासांनी निम्मे होत असल्याने दिवस-दोन दिवसांत रक्ताची वहनक्षमता सुधारते, फुफ्फुसांना मात्र काही महिने लागतात. ‘व्हेपमध्ये धूर नाही, म्हणून दम शाबूत’ हेही अर्धसत्य आहे, कारण ज्वलन नसल्याने कार्बन मोनॉक्साइड टळतो, पण निकोटिन नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि श्वासनलिकांचा दाह होऊ शकतो. भारतात तर अशा उपकरणांच्या विक्रीवर 2019 पासून कायद्याने बंदी आहे. ‘शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सोडली की झाले’ हेही खरे नाही, कारण जखम भरण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा सुधारावा म्हणून किमान चार आठवडे आधी धूम्रपान थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.