रात्री दोनला तोडीस तोड कोण मिळणार?

फोनवर दोघांनी खेळायचा एखादा छोटा ऑनलाइन कॅरम घ्या. ‘खेळा’ दाबलं की ‘प्रतिस्पर्धी शोधत आहोत’ अशी ओळ येते आणि खाली एक चकती गरगरत राहते. तेवढ्या वेळात सर्व्हरला ठरवायचं असतं, की हाताशी जो कोणी आहे त्याच्याशी डाव लावून टाकायचा, की बरोबरीचा येईपर्यंत या माणसाला थांबवायचं. लाखोंनी खेळणारे असतील तर दोन्ही साधतं. शंभर-सव्वाशे जणांच्या गेममध्ये मात्र एक धरलं की दुसरं सुटतं.

बरोबरीचा कोण, हे ठरवायची पद्धत बुद्धिबळातून आली. अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आर्पाड ईलो यांनी ती बसवली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० साली स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक रेटिंग असतं. जिंकलं की चढतं, हरलं की उतरतं. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडू शंभरातले ६४ डाव जिंकेल अशी अपेक्षा असते. फरक २०० असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९१. म्हणजे १०० पर्यंत चुरस असते. ४०० ला नुसती धुलाई.

आता हिशेब मांडू. समजा, रात्री नऊला १२० जण खेळताहेत आणि एक डाव सहा मिनिटं चालतो. म्हणजे दर मिनिटाला वीसेक जण डाव संपवून पुन्हा रांगेत येतात. त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांचं रेटिंग १३०० ते १७०० आहे. त्याहून वर किंवा खाली गेलं की माणसं झपाट्यानं विरळ होतात. १५०० च्या खेळाडूला १०० गुणांच्या आतले शंभरात ३८ जण सापडतात, त्यामुळे त्याला आठ सेकंदांत जोडीदार मिळतो. १९०० च्या पट्टीच्या खेळाडूला शंभरात सहाच चालतात. तो पन्नास सेकंद थांबतो, पण थांबतो.

रात्री दोनला बाराच जण उरतात. मग १५०० वाल्याला सव्वा मिनिट लागतं आणि १९०० वाल्याला आठ मिनिटांहून जास्त. हेही कागदावरचं, उरलेल्या अकरांत त्याच्या तोडीचा एक तरी असेल का, हीच मुळात निम्मी-निम्मी गोष्ट आहे. आठ मिनिटं चकतीकडे बघत कोणी बसत नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अट हळूहळू सैल करणं. सुरुवातीला १०० गुणांच्या आतलाच शोधायचा, मग दर दहा सेकंदांनी मर्यादा ५० नं वाढवायची आणि ४०० ला थांबायचं. ऐकायला सोपं आहे, पण गोम पुढे आहे. १९०० वाला मिनिटभर थांबलाय, त्याची मर्यादा ४०० झालीय, आणि तेवढ्यात १५०० वाला रांगेत येतो. त्याची मर्यादा अजून १०० च आहे. कोणाची धरायची? थांबलेल्याची धरली तर त्याच्या प्रतीक्षेचा भुर्दंड नुकत्याच आलेल्यावर पडतो. आलेल्याची धरली तर पट्टीचा खेळाडू कंटाळून जातो. माझ्या मते दोघांनाही मान्य असेल तरच डाव लावावा आणि विषम जोडी असेल तर तसं आधी सांगून विचारावं: ‘प्रतिस्पर्धी बराच वरचढ आहे. हरलात तर ३ गुण जातील, जिंकलात तर २९ मिळतील.’ एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण हलतील असं धरलं, तर ४०० च्या फरकाला ईलोचं गणितच हे आकडे देतं. पडद्यावर ते दिसले की पुष्कळजण हौसेनं खेळतील. पहिले काही डाव खेळणाऱ्या नवख्याला मात्र हे विचारूही नये.

लॉबीत गर्दी विभागायची नाही, हे पथ्य सगळ्यांत जास्त मोडलं जातं. क्लासिक आणि पॉइंट असे दोन प्रकार, प्रत्येकात रेटिंगचा आणि मजेचा डाव, म्हणजे चार रांगा झाल्या. रात्री दोनला एका रांगेच्या वाट्याला तीन माणसं. त्यापेक्षा रांग एकच ठेवून ‘कुठलाही चालेल’ हा पर्याय आधीच टिचकवलेला असावा. डाव संपल्यावर ‘पुन्हा खेळू’ हे बटण मोठं असावं, कारण त्या जोडीला रांगेत यावंच लागत नाही. आणि थांबणाऱ्याला चकतीऐवजी सरावाचा बोर्ड द्यावा; जोडीदार मिळाला की घंटी वाजेल.

हे सगळं जमतंय की नाही, हे सरासरी प्रतीक्षेवरून ओळखायला जाल तर फसाल. रात्री दहाजण आले, सहांना अर्ध्या मिनिटात डाव मिळाला, चौघं दोन मिनिटं थांबून निघून गेले. ज्यांना डाव मिळाला त्यांचीच नोंद होते, म्हणून सरासरी अर्धं मिनिट दिसते. जितके लोक लवकर वैतागतील, तितकी ती आणखी छान दिसेल. म्हणून रांग सोडून गेलेल्यांचा आकडा वेगळा काढावा, आणि तो तासानुसार व रेटिंगनुसार पाहावा. १८०० च्या वरचे रात्री अकरानंतर गळताहेत असं त्यात दिसलं, तर अट आणखी सैल करून उपयोग नाही. त्यांच्यासाठी रोज रात्री दहाची एक लढत ठरवून द्यावी, म्हणजे दिवसभर विखरून येणारे ते मोजके खेळाडू एकाच वेळी हजर होतात.