ता. क. मध्ये लिहिलेली गोळी

पहिल्या भेटीआधी मी येणाऱ्यांकडून एक पत्र मागवते. समोर बसल्यावर 'कुठून सुरुवात करू' यातच बराच वेळ जातो. त्यातून विषय स्वप्नांचा असेल तर दिवसाढवळ्या सांगताना माणसाला स्वतःलाच ते पोरकट वाटायला लागतं. खालचं पत्र कुणा एकीचं नाही. अशा पत्रांत वरचेवर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मी रचलं आहे, आणि पुढची हकिगतही तशीच. लिहिणारी सांगलीची, सत्तेचाळिशीची, पतसंस्थेत नोकरी करणारी.

"मॅडम, सप्रेम नमस्कार. तीन स्वप्नं आहेत, आलटूनपालटून पडतात. पहिलं दातांचं. आरशासमोर उभी असते, एक दात हलतो, हात लावला की हातात येतो. मग एकामागून एक सगळे. रक्त नसतं, नुसती ओंजळ भरते. आमची आजी म्हणायची, दात पडल्याचं स्वप्न पडलं की जवळचं माणूस जातं. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. सकाळी उठल्यावर आधी त्यांच्या खोलीत डोकावते, श्वास चालू आहे ना बघते.

दुसरं बारावीच्या गणिताच्या पेपरचं. वर्ग सापडत नाही, हॉल तिकीट घरी राहिलंय. बारावी होऊन तीस वर्षं होत आली, गणितात मार्क चांगले होते. तरी पडतं.

तिसरं पाण्याचं. २०१९च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं. स्वप्नात मी जिन्यात उभी असते, पाणी पायरी पायरीनं वर येतं, आवाज अजिबात नसतो. खालून आई हाक मारते. जायला बघते तर पाय उचलत नाहीत. जाग येते तेव्हा चार-साडेचार वाजलेले असतात. खरं तर पुरात आई इथे नव्हतीच. विट्याला भावाकडे होती, आजही ठणठणीत आहे.

हे वेड लागण्याचं लक्षण तर नाही ना? आणि मी तुमच्याकडे येते हे ह्यांना कळणार नाही ना? हल्ली झोपायलाच नको वाटतं.

ता. क. बीपीची गोळी दिवाळीत बदलली आहे. रात्री जेवणानंतर घेते. काही संबंध असला तर असावं म्हणून लिहिलं."

मी हे पत्र खालून वर वाचते. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत बीटा-ब्लॉकर नावाचा एक गट आहे. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही त्यातली नेहमीची नावं. यांनी काही जणांना फार स्पष्ट, रंगीत आणि भीतिदायक स्वप्नं पडतात. म्हणून पहिला प्रश्न गोळीच्या नावाचा, दुसरा तारखांचा. पाण्याचं स्वप्न दिवाळीपूर्वी पावसाळ्यातच कधीतरी पडायचं, आता आठवड्यातून दोनदा पडतं, असं निघालं तर ती चिठ्ठी डॉक्टरांकडे जायला हवी. गोळी आपल्या मनानं मात्र थांबवायची नाही. ही औषधं एकदम बंद केली तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळी घेऊ शकतात. आत काय दडलंय ते शोधायच्या उत्साहात हा साधा प्रश्न राहून जातो, आणि आमच्या व्यवसायात तो बऱ्याचदा राहतो.

'झोपायलाच नको वाटतं' या वाक्यावर मी थांबते. स्वप्नाची भीती म्हणून, की जगणंच नको झालंय म्हणून, हे सरळ विचारते. वारंवार पडणारी भयस्वप्नं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे, आणि विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. इथे उत्तर पहिलं होतं. गुप्ततेचंही पहिल्याच भेटीत बोलून घेते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा हक्क मानला आहे, त्यामुळे ह्यांचा फोन आला तरी मी काही सांगणार नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र अपवाद.

वेडाचं म्हणाल तर एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडणं हे काही वेडाचं लक्षण नव्हे.

दातांकडे मी दातांसारखंच बघते. नामा रोझेन आणि निरित सोफर-डुडेक या इस्रायली संशोधकांनी २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासाशी दिसला नाही. तो दिसला सकाळी उठल्यावर दात, हिरड्या किंवा जबडा दुखण्याशी. सकाळी कानाजवळ ठणकतं का, असं विचारल्यावर बाईंचा हात आपसूक गालाकडे गेला. झोपेत दात आवळत असाव्यात. दंतवैद्यांकडे पाठवलं. आजीच्या बोलण्याला मी हसत नाही. ते स्वप्न आजवर कितीदा पडलं आणि त्यानंतर किती माणसं गेली, एवढाच हिशेब कागदावर मांडायला सांगते.

परीक्षेचं स्वप्न आम्हाला सरावासाठी उपयोगी पडलं. नापास झालेल्या नव्हे, पास झालेल्या परीक्षेचीच स्वप्नं पडतात, हे फ्रॉइडनं स्वप्नांवरच्या ग्रंथात नोंदवलं होतं. बाईंना ते ऑडिटच्या आठवड्यात पडतं, एवढं कळलं की तिथे अधिक खोदायची मला गरज वाटत नाही.

खरं काम पाण्यावर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पण स्वप्न हे त्या पुराची नक्कल नाही, कारण आई तिथे नव्हती. मनानं ती नंतर आणून बसवली. एकदा झालेला बदल पुन्हा करता येतो, आणि या उपचाराचा पायाच तो आहे. जागेपणी स्वप्न लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त नवं स्वप्न मनात चालवायचं. जुनं घोकायचं नाही. बॅरी क्राको यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर घेतलेली या पद्धतीची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी हा सराव केला त्यांची भयस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली.

सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करायची नसते, म्हणून आधी बारावीचा पेपर घेतला. हॉल तिकीट पर्समध्येच सापडलं. मग जिना. बाईंनी पहिल्यांदा लिहिलं, बोट येते आणि जवान आईला उचलतात. वाचून त्या स्वतःच म्हणाल्या, "हे टीव्हीवरचं झालं." बदल काय करायचा ते मी सुचवत नाही, सुचवलेला टिकत नाही. पुढच्या खेपेला वहीत होतं: हाक खालून येत नाही, वरून येते. आई गच्चीवर आहे, चहा गार होतोय म्हणून ओरडतेय. मी वळते आणि वर चढते. पाय उचलतात.

सराव दुपारी, डब्यानंतर, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत. वहीत रोज तीन नोंदी: स्वप्न पडलं का, किती वाजता जाग आली, भीती दहापैकी किती. आधी भीतीचा आकडा उतरतो, मग पडण्याची संख्या. काही आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा पूर जसाच्या तसा दिवसाही डोळ्यांसमोर यायला लागला, पावसाचा आवाज आला की अंग थरथरायला लागलं, तर हा आघाताचा आजार असू शकतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवेत, एवढा सराव पुरणार नाही. जुलैत धान्याचे डबे माडीवर नेऊन ठेवणं मात्र लक्षणांत धरत नाही. सांगलीत तो शहाणपणा आहे.

दरम्यान डॉक्टरांनी गोळी बदलली. आकडे उतरले ते गोळीमुळे की जिन्यावरच्या सरावामुळे, हे मला वहीवरून वेगळं काढता आलं नसतं. बाईंनी मात्र सराव चालूच ठेवला.