पत्ता बदलला तरी घर सापडावे म्हणून

साताऱ्यात आईवडिलांचे घर आहे आणि मुलगी पुण्यात नोकरी करते. घरात दारावरच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर आहे आणि एका छोट्या संगणकावर घरातले सगळे फोटो व कागदपत्रे साठवलेली आहेत. पुण्यातून ते पाहता यावे म्हणून रेकॉर्डर थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे हा सर्वांत वाईट मार्ग. अशी यंत्रे सतत चाचपून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात आणि रेकॉर्डरचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही. म्हणून घरातच एक व्हीपीएन सर्व्हर बसवायचा. रास्पबेरी पायसारखा स्वस्त, कमी वीज खाणारा संगणक त्याला पुरतो. त्यावर वायरगार्ड चालवायचे, बाहेरून फक्त त्याच्याशी बोलायचे आणि रेकॉर्डर घरातल्या जाळ्यातच राहू द्यायचे.

वायरगार्ड बसवणे तासाभराचे काम आहे. खरी अडचण पुढे आहे. पुण्यातल्या फोनला साताऱ्यातले घर सापडायचे कसे? घराला इंटरनेटवर ओळख असते ती आयपी पत्त्याने, म्हणजे 203.0.113.45 अशा आकड्यांनी. हा पत्ता कंपनी आपल्याला कायमचा देत नाही. राउटर जोडणी करतो तेव्हा कंपनीच्या साठ्यातला एक पत्ता त्याला मिळतो आणि जोडणी तुटली की तो परत जातो. पावसाळ्यात लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की पत्ता बहुधा वेगळा असतो. घरात बसलेल्याला हे कळतही नाही. फोनमध्ये जुना आकडा लिहून ठेवणाऱ्याचे मात्र दार त्या क्षणी बंद होते.

यावर दोन गोष्टी जोडीने कराव्या लागतात. बदलत्या आकड्याला एक न बदलणारे नाव द्यायचे, हे डायनॅमिक डीएनएस. आणि राउटरवर आलेली व्हीपीएनची हाक नेमकी रास्पबेरी पायकडे पाठवायची, हे पोर्ट फॉरवर्डिंग. पण या दोन्हींच्या आधी एक तपासणी करायला हवी. ती न करता केलेली सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि ‘WAN’ किंवा ‘Internet’ या सदराखाली दिसणारा पत्ता कागदावर लिहा. मग घरच्याच वायफायवरून, फोनवर कोणतेही व्हीपीएन चालू नसताना, आपला पत्ता सांगणारी एखादी वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पुढे चला. राउटरवर 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, आणि वेबसाइट भलताच आकडा सांगत असेल, तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवले आहे. जगातले चार अब्जांच्या आसपास आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडले, म्हणून कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. 100.64 चा हा पट्टा 2012 साली खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. शेकडो बिऱ्हाडांच्या इमारतीला रस्त्यावर एकच क्रमांक असावा, आणि आलेली हाक कोणत्या बिऱ्हाडासाठी आहे हे फक्त खालच्या चौकीदाराला ठरवता यावे, तशी ही व्यवस्था आहे. चौकीदार कंपनीचा. तुमच्या राउटरवर तुम्ही कितीही पोर्ट उघडा, हाक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

राउटरवर 192.168 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुतेकदा प्रकरण घरातलेच असते. कंपनीचा फायबरचा डबा स्वतः राउटरचे काम करतो आहे आणि त्याच्यामागे तुमचा दुसरा राउटर लावला आहे. डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला किंवा दोन्ही ठिकाणी पोर्ट पुढे पाठवला की काम होते. 10 ने सुरू होणारा पत्ता दोन्हींपैकी काहीही सांगत असू शकतो. घरात एकच डबा असेल तर तो कंपनीचाच मामला समजा.

सीजीनॅट निघाले तर काय करायचे, ते शेवटी पाहू. साताऱ्याच्या घरी दोन्ही आकडे जुळले असे धरून पुढे जाऊ.

नावासाठी अनेक सेवा आहेत. डकडीएनएस ही फुकट आणि साधी आहे. तिथे नोंद केली की `tumche-nav.duckdns.org` असे नाव आणि एक लांबलचक गुप्त टोकन मिळते. हे टोकन ज्याच्या हाती लागेल तो तुमचे नाव दुसऱ्याच पत्त्याकडे वळवू शकतो, म्हणून ते जपायचे. रास्पबेरी पायच्या क्रॉन यादीत एक ओळ टाकायची:

```
*/5 * * * * curl -s -o /tmp/duck.log "https://www.duckdns.org/update?domains=tumche-nav&token=TOKEN&ip="
```

शेवटी `ip=` कोरे ठेवले आहे. विनंती ज्या पत्त्यावरून आली तोच पत्ता सेवा नोंदवून घेते, त्यामुळे घरच्या यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता माहीत असण्याची गरज नाही. दर पाच मिनिटांनी ही विनंती जाते. या नावाचे उत्तर इतरांनी साठ सेकंदांपेक्षा जास्त जपून ठेवू नये, असे डकडीएनएस सांगते. म्हणजे पत्ता बदलल्यावर जुने नाव चुकीचे उत्तर देण्याचा काळ वाईटात वाईट सहा मिनिटांच्या आसपास.

`/tmp/duck.log` मध्ये `OK` दिसले की नोंद झाली आणि `KO` दिसले की नाव किंवा टोकन चुकले. पण `OK` चा अर्थ तेवढाच घ्यायचा. सीजीनॅटमागच्या घरालाही `OK` च मिळते, कारण सेवा इमानाने कंपनीचा सामायिक पत्ता नोंदवते. नाव बरोबर आहे आणि तरी घर सापडत नाही, या कोड्यात अनेक जण अडकतात ते इथे.

आता पोर्ट. आधी राउटरमध्ये रास्पबेरी पायला एक पक्का अंतर्गत पत्ता राखून द्यायचा, समजा 192.168.50.10. हे केले नाही तर लाइट गेल्यावर पायचाही आतला पत्ता बदलेल आणि राउटर हाक भलत्याच यंत्राकडे, कदाचित टीव्हीकडे, पाठवील. मग फॉरवर्डिंगचा नियम करायचा: बाहेरचा पोर्ट 51820, प्रकार यूडीपी, जायचे 192.168.50.10 च्या 51820 पोर्टवर. प्रकार निवडताना टीसीपी राहून गेले तर काहीच चालत नाही, कारण वायरगार्ड फक्त यूडीपीवर बोलते.

घरातल्या जाळ्यासाठी 192.168.50 मी मुद्दाम निवडले. बऱ्याच राउटरांवर कारखान्यातूनच 192.168.0 किंवा 192.168.1 आलेले असते. पुण्यातल्या खोलीतही तेच असले तर 192.168.1.20 म्हणजे इथला प्रिंटर की साताऱ्याचे रेकॉर्डर, हे फोनला ठरवता येत नाही. जोडणी झालेली दिसते आणि कॅमेरे मात्र उघडत नाहीत.

फोनच्या वायरगार्डमध्ये सर्व्हरची माहिती अशी असते:

```
[Peer]
PublicKey = SERVER_PUBLIC_KEY
Endpoint = tumche-nav.duckdns.org:51820
AllowedIPs = 10.77.0.0/24, 192.168.50.0/24
PersistentKeepalive = 25
```

चाचणी नेहमी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर घ्यायची. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता हाकारला तर कित्येक राउटर ती हाक परत आत वळवत नाहीत, आणि उत्तम चाललेली जुळणीही बिघडलेली वाटते. पोर्ट उघडा आहे का हे सांगणाऱ्या वेबसाइटवरही विसंबू नये. त्या सहसा टीसीपी तपासतात. शिवाय ओळखीची चावी नसलेल्या कोणालाही वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरच्याला तिथे काहीच नसल्यासारखे दिसते. सुरक्षेसाठी हे फार चांगले. दोष शोधणाऱ्याला मात्र घरातूनच पाहावे लागते:

```
sudo tcpdump -ni eth0 udp port 51820
```

ही आज्ञा पायवर चालू ठेवून घरातल्या कोणाच्या तरी फोनवर, मोबाइल डेटा लावून, व्हीपीएन सुरू करायचे. काहीच ओळी उमटल्या नाहीत तर हाक पायपर्यंत येतच नाही. दोष राउटरच्या नियमात, नावात किंवा सीजीनॅटमध्ये. 148 लांबीची पाकिटे दर पाच सेकंदांनी येत राहिली आणि उलट काहीच जात नसेल, तर रस्ता मोकळा आहे पण चाव्या जुळत नाहीत. 148 आत आले आणि 92 बाहेर गेले तर सर्व्हरने ओळख पटवून उत्तर दिले. त्यानंतरही रेकॉर्डर उघडत नसेल तर पायवर `net.ipv4.ip_forward=1` केले आहे का आणि आतल्या जाळ्याकडे जाताना पत्ता बदलून देणारा मास्करेडचा नियम आहे का, ते पाहायचे. पोर्टशी त्याचा संबंध नाही.

हे सगळे नीट झाल्यावरही एक बिघाड उरतो आणि तो महिन्याभराने उगवतो. साताऱ्यात रात्री लाइट गेली. राउटर पुन्हा सुरू झाला, नवा पत्ता मिळाला, पाच मिनिटांत डकडीएनएसला कळलाही. पुण्यात मुलगी पाहते तर व्हीपीएन चालू दिसते आणि कॅमेरे गप्प. ती संगणकावर नाव तपासते, ते नवा पत्ता बरोबर सांगते. मग अडते कुठे?

वायरगार्ड `Endpoint` मधले नाव फक्त जोडणी सुरू करताना एकदाच विचारते. मिळालेला आकडा धरून ठेवते आणि नंतर त्याच आकड्याकडे पाकिटे पाठवत राहते. मध्ये नावामागचा पत्ता बदलला हे त्याला कोणी सांगत नाही. सर्व्हरने स्वतःहून नव्या पत्त्यावरून पाकीट पाठवले तर फोन तो पत्ता शिकू शकतो, पण मोबाइल कंपनीची जाळी अनोळखी पत्त्यावरून आलेले पाकीट बहुधा अडवते. फोनवर उपाय सोपा आहे: व्हीपीएन बंद करून पुन्हा चालू करायचे, नाव नव्याने विचारले जाते. पुण्यातही कायम जोडलेला लिनक्स संगणक असेल, समजा रोज रात्री फोटोंची प्रत घेणारा, तर तिथे बसून कोणी बंद-चालू करणार नाही. त्यासाठी वायरगार्डच्या साधनांसोबत `reresolve-dns.sh` ही छोटी स्क्रिप्ट येते. शेवटची यशस्वी ओळखभेट 135 सेकंदांपेक्षा जुनी झाली की ती नाव पुन्हा विचारते. टायमरवर दर अर्ध्या मिनिटाला चालवली की पत्ता बदलल्यावर जोडणी आपोआप सावरते. बिघाड याच जातीचा आहे का, हे `sudo wg show` सांगते. `latest handshake` काही तासांपूर्वीचा आणि `endpoint` मध्ये जुना आकडा दिसला की निदान पक्के.

आता सीजीनॅटवाल्यांचे. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागून पाहावा. बऱ्याच कंपन्या वेगळे पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात आणि मग डायनॅमिक डीएनएसची गरजच उरत नाही. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. कंपनी ते देत असेल तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये पायसाठी यूडीपी 51820 ला वाट द्यायची. नाव मात्र लागतेच, कारण या पत्त्याचा पुढचा भागही बदलतो. डकडीएनएसला तो `ipv6=` मध्ये स्पष्ट लिहून द्यावा लागतो, आपोआप ओळखला जात नाही. आणि जिथून जोडायचे तिथेही आयपीव्ही६ हवे. मुलीच्या मोबाइल डेटावर ते असेल आणि कचेरीच्या वायफायवर नसेल, तर कॅमेरे डेटावर उघडतील आणि कचेरीत नाहीत. दोन्हीकडे उघडायला हवे असतील तर सार्वजनिक पत्ता असलेला एखादा भाड्याचा सर्व्हर मध्ये घ्यावा. साताऱ्याचा पाय स्वतःहून बाहेर जाऊन त्याला जोडून राहतो आणि मुलगीही त्यालाच जोडते. हाक आतून बाहेर जात असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही.