सोडून दिलेल्या कामाची कारणमीमांसा : ट्रॅकरमधील निर्णयनोंदींचे स्वरूप

प्रस्तावना

सॉफ्टवेअर प्रकल्पातील प्रत्येक दोष, मागणी व काम यांची क्रमांकासह नोंद ठेवणाऱ्या प्रणालीस ट्रॅकर असे म्हणतात. मोझिला प्रकल्पाचा बगझिला (१९९८) हा असाच एक ट्रॅकर होय. एखादे काम न करण्याचे ठरले की त्याची नोंद `WONTFIX` या शेऱ्याने बंद केली जाते. या शेऱ्यावरून काय ठरले ते समजते. का ठरले ते समजत नाही. ही उणीव कशी भरून काढता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

एमएनजीचे उदाहरण

एमएनजी हे पीएनजी या चित्रस्वरूपाचे सचल भावंड. मोझिला ब्राउझरमध्ये असलेली त्याची सोय २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. ती परत आणावी, ही मागणी १८५७४ क्रमांकाच्या नोंदीत होती. तिलाही पुढे `WONTFIX` हाच शेरा मिळाला. कारणे मुख्यतः तीन होती : चित्र उलगडणाऱ्या लायब्ररीचा मोठा आकार, संकेतस्थळांवरील अत्यल्प वापर आणि त्या भागाची देखभाल करणाऱ्यांचा अभाव. परंतु नोंदीखाली शेकडो प्रतिक्रिया जमल्यामुळे नव्याने येणाऱ्यास ही कारणे शोधूनच काढावी लागतात.

येथे साधन नाकारले गेले, गरज नव्हे. सचल चित्रांची गरज कायम होती. २००४ मध्ये स्टुअर्ट पार्मेंटर व व्लादिमिर वुकिसेविच यांनी एपीएनजी हे स्वरूप मांडले आणि २००८ मध्ये फायरफॉक्स ३ मध्ये ते आले. ते पीएनजीचाच विस्तार असल्याने स्वतंत्र मोठ्या लायब्ररीची आवश्यकता उरली नाही. म्हणजेच आकाराच्या आक्षेपाचे निराकरण झाले.

नोंदीची रचना

यावरून असे दिसते की, नोंद बंद करताना गरज, नाकारलेला उपाय, कारणे आणि फेरविचाराची अट या चार बाबी स्वतंत्रपणे लिहिल्या पाहिजेत. वरील प्रकरणी नमुनादाखल अशी नोंद करता आली असती : ‘सचल चित्रांची गरज मान्य. एमएनजी नाकारले. कारणे : लायब्ररीचा आकार, अल्प वापर, देखभालकर्त्याचा अभाव. लहान लायब्ररी व देखभालीची जबाबदारी घेणारी व्यक्ती मिळाल्यास फेरविचार.’ कारणे वेगळी लिहिल्याने त्यांपैकी कोणते कालबाह्य झाले, हे पुढील चमूला तपासता येते.

ही नोंद प्रतिक्रियांच्या ओघात न ठेवता शेवटच्या निवेदनात एकत्र द्यावी आणि तोंडी चर्चेत ठरलेली कारणेही तीत उतरवावीत. तीच मागणी `DUPLICATE` म्हणून वारंवार बंद करावी लागत असेल, तर कारण वाचकांपर्यंत पोहोचलेले नाही असे समजावे.

निष्कर्ष

फेरविचाराची अट लिहिलेली नसल्यास जुना नकार कायमचा मानला जातो, अथवा तोच वाद पुन्हा आरंभापासून घातला जातो. मात्र नोंद करताना ठाऊक असलेलीच कारणे तीत येऊ शकतात. एपीएनजीसारखा पर्याय २००३ मधील नोंदीत अपेक्षित धरता आला नसता. म्हणून अट विशिष्ट उपायाच्या नावाने न लिहिता अडचणीच्या स्वरूपात लिहिणे अधिक उपयुक्त ठरते.