एक मॉनिटर, अनेक कन्सोल

जुहूतील एखाद्या सदनिकेत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स एकाच मॉनिटरला जोडायचे असतील, तर लॅमिंग्टन रोडच्या दुकानात स्प्लिटर नव्हे, स्विच मागावा लागतो. स्प्लिटर एका यंत्राचा एचडीएमआय संकेत अनेक पडद्यांकडे वाटतो, तर स्विच अनेक यंत्रांपैकी निवडलेल्या एकाचाच संकेत पडद्याकडे जाऊ देतो. स्प्लिटरमधील परिपथ एकाच दिशेने चालत असल्याने तो उलटा जोडून स्विचचे काम करत नाही.

खरी अडचण क्षमतेची असते. हे दोन्ही कन्सोल ४के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवू शकतात. मात्र एचडीएमआय २.० चा स्विच सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतच माहिती वाहतो, जी ४के चित्राला ६० हर्ट्झपर्यंतच पुरते. मॉनिटर थेट जोडल्यावर कन्सोलच्या सेटिंगमध्ये दिसणारा १२० हर्ट्झचा पर्याय स्विच मध्ये घालताच नाहीसा झाला, तर दोष बहुधा स्विचचा किंवा केबलचा समजावा. अशा मॉनिटरसाठी एचडीएमआय २.१ चा स्विच घ्यावा; ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर तो खर्च व्यर्थच. कन्सोल निद्रावस्थेतून जागा होताच आपोआप बदलणारा स्विच कधीकधी चालू खेळ तोडून दुसरीकडे वळतो, म्हणून हाताने बदलण्याचे बटण असलेलाच निवडावा.