मामांच्या स्टेटमेंटमधलं दुसरं डिमॅट

माझे मोठे मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत. शेअरबाजारातून त्यांनी केव्हाच अंग काढून घेतलंय. तरी दर सहा महिन्यांनी त्यांच्या मेलवर एक पीडीएफ येते, ते पासवर्डच्या जागी पॅन मोठ्या अक्षरांत टाकतात, पहिल्या पानावरची एकूण रक्कम बघतात आणि फाइल बंद करतात. ही पीडीएफ म्हणजे एकत्रित खातेपत्रक, सगळे ज्याला ‘कॅस’ म्हणतात ते. एनएसडीएल आणि सीडीएसएल या आपल्या दोन डिपॉझिटरी ते पाठवतात. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचं पत्रक लगेच येतं. व्यवहारच नसेल तर वर्षातून दोनदा.

२०२४च्या दिवाळीत मी ती फाइल त्यांच्याबरोबर बसून वाचली. पहिल्या पानावर थांबायचं नाही, एवढंच आधी ठरवलं होतं. पुढच्या पानावर खात्यांची यादी होती, आणि तिच्यात एक नाही, दोन डिमॅट खाती होती.

मामा म्हणाले, “माझं एकच आहे.” पण खात्यांच्या क्रमांकांवरूनच कळत होतं की ती दोन वेगळ्या घरांतली आहेत. एकाचा क्रमांक IN या अक्षरांनी सुरू होत होता, म्हणजे ते एनएसडीएलचं. दुसऱ्यात नुसते सोळा आकडे, म्हणजे सीडीएसएलचं. त्या सोळा आकडी खात्यात एकाच कंपनीचे २४० शेअर पडून होते. मामांनी आठवून आठवून सांगितलं, २००८ साली एका आयपीओसाठी शेजारच्या एजंटाने खातं उघडून दिलं होतं. तो आयपीओ लागला नाही. मग त्याच खात्यात त्यांनी हे शेअर घेतले आणि पुढे विसरून गेले. भाव साधारण ८५० रुपये होता. म्हणजे दोन लाखांच्या वर रक्कम दर सहा महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांसमोर येत होती. फक्त ती एकूण बेरजेत मिसळलेली असायची.

इथे बहुतेक जण सुटकेचा श्वास सोडतात आणि थांबतात. पण ‘कॅस’मध्ये शेअर किती आहेत ते दिसतं, त्या शेअरवरचा डिव्हिडंड हातात पडला की नाही ते दिसत नाही. त्यासाठी आणखी दोन कागद शेजारी ठेवावे लागतात. एक बँकेचं पासबुक. दुसरा इन्कम टॅक्सच्या संकेतस्थळावरचा ‘एआयएस’, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक. कंपनीने तुमच्या पॅनवर डिव्हिडंड वाटला की त्याची नोंद तिथे येते. मामांच्या ‘एआयएस’मध्ये त्या कंपनीच्या नावापुढे १,४४० रुपये होते. २४० शेअर, दर शेअरला सहा रुपये, हिशोब चोख जुळत होता. पासबुकात मात्र तसली एकही ओळ नव्हती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. डिव्हिडंड जातो तो डिमॅट खात्याला जोडलेल्या बँक खात्यात. डिमॅट जिथे आहे त्यांच्याकडून आम्ही ‘क्लायंट मास्टर’ मागवला. हा एका पानाचा कागद असतो. त्यावर जे बँक खातं होतं ते मामांनी २०१८च्या सुरुवातीला बंद केलं होतं. तेव्हापासून दर वर्षीचा डिव्हिडंड निघायचा आणि परत कंपनीकडे जायचा. २०१९-२०मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं, तेव्हा शाखांचे आयएफएससी बदलले. त्यामुळे खातं चालू असूनही पैसे परत गेलेली माणसं आहेत.

आता घड्याळाकडे बघायला हवं होतं. समजा, डिव्हिडंड १० ऑगस्ट २०१८च्या सभेत जाहीर झाला. तीस दिवसांत तो द्यायचा असतो. दिला गेला नाही तर पुढच्या सात दिवसांत कंपनी तो ‘न दिलेला डिव्हिडंड’ या वेगळ्या खात्यात टाकते, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तिथून सात वर्षं मोजायची. सप्टेंबर २०२५ उलटला की ती रक्कम सरकारच्या ‘आयईपीएफ’ या निधीत जाते. आणि सलग सात वर्षं एकही डिव्हिडंड उचललेला नसेल तर शेअरही त्याच निधीत जातात. मामांचे थकलेले सात डिव्हिडंड मिळून ११,५२० रुपये होते. खरी चिंता त्या पैशांची नव्हतीच. ती दोन लाखांच्या शेअरची होती, आणि आमच्या हातात दहा-अकरा महिने होते. शेअर एकदा निधीकडे गेले की ते ‘कॅस’मधून नाहीसे होतात. म्हणून जुन्या ‘कॅस’मध्ये असलेली कंपनी नव्यात दिसत नसेल आणि तुम्ही ते शेअर विकले नसतील, तर आधी आयईपीएफचं संकेतस्थळ बघा.

आम्ही दोन कामं केली. डिमॅटमध्ये रद्द केलेला चेक देऊन नवं बँक खातं जोडून घेतलं. मग कंपनीच्या संकेतस्थळावरच्या गुंतवणूकदारांच्या पानावर तिच्या रजिस्ट्रारचा पत्ता होता, त्यावर नवा क्लायंट मास्टर आणि थकलेले डिव्हिडंड द्यावेत असा अर्ज पाठवला. पैसे आले. शेअर निधीत गेल्यावर हीच गोष्ट ‘आयईपीएफ-५’ हा फॉर्म भरून, हमीपत्र वगैरे कागद कंपनीच्या अधिकाऱ्याकडे पाठवून करावी लागते. फॉर्मला फी नाही. सापडलेल्या रकमेचा टक्का मागणारे दलाल मात्र भरपूर आहेत.

मामींच्या नावाचा प्रश्न मला थोडा उशिरा सुचला. पत्रक पॅनवर बनतं, आणि खातं दोघांच्या नावे असेल तर ज्याचं नाव पहिलं त्याच्याकडे जातं. ‘कॅस’मध्ये एकट्याची आणि जोडीची खाती वेगवेगळ्या गटांत असतात. मामींचं नाव पहिलं असलेली खाती मामांच्या कागदावर कधीच येणार नाहीत. त्यांचा वेगळा कागद वाचावा लागला. त्यात काही निघालं नाही, पण वाचल्याशिवाय ते कळलं नसतं.

राहिला २००३ साली घेतलेला दहा हजारांचा म्युच्युअल फंड. तो कुठल्याच पत्रकात नव्हता, आणि त्याचं कारण तारखेतच होतं. म्युच्युअल फंडांना पॅन सक्तीचा झाला तो २००७ पासून. त्याआधीच्या फोलिओत पॅन नसेल, तर पॅनवर बनणाऱ्या पत्रकात तो यायचा कसा? कॅम्स आणि केफिनटेक या रजिस्ट्रारांकडूनही फंडांचं एकत्रित पत्रक मागवता येतं. मागवताना ‘डीटेल्ड’ निवडावं, सुरुवातीपासूनची तारीख टाकावी आणि शिल्लक शून्य असलेले फोलिओही मागावेत, म्हणजे पैसे केव्हा निघाले ते दिसतं. मात्र ते पत्रक नोंदलेल्या ई-मेलवर शोधलं जातं, आणि २००३ साली मामांकडे ई-मेलच नव्हता. तिथेही कोरंच.

सेबीने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘मित्रा’ नावाची सोय सुरू केली, ती नेमकी अशांसाठी. युनिट शिल्लक आहेत पण दहा वर्षं गुंतवणूकदाराने काहीच हालचाल केलेली नाही, असे फोलिओ तिथे शोधता येतात. ती ‘एमएफ सेंट्रल’च्या संकेतस्थळावरून उघडते. मामांचा फोलिओ तिथे निघाला, जुन्या वाड्याच्या पत्त्यासह. आता त्याला पॅन जोडणं आणि केवायसी पूर्ण करणं चालू आहे.

बँकेतली झोपलेली खाती मात्र या कुठल्याच कागदात येत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल वेगळं. दहा वर्षं दावा न झालेल्या ठेवी कुठल्या बँकेत आहेत ते तिथे कळतं, पैसे मात्र त्या बँकेकडूनच मागायचे. कागदी शेअर सर्टिफिकिटंही ‘कॅस’मध्ये दिसत नाहीत. एप्रिल २०१९पासून ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, पण आपल्या नावावर डिमॅट करता येतात. मामांच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. पुढच्या सुट्टीत ती खाली काढायची आहे.